कमी दराला इन्फ्युजन पंप ‘उणे’ का भरतो? वजनावर घेतलेल्या चाचणीतली तूट कशी ओळखावी

तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपात येते. व्हॉल्युमेट्रिक पंप टेबलावर घेतला, ताशी १०० मिलीला चाचणी केली, उत्तर मर्यादेत आले. ताशी २५ मिलीलाही जेमतेम बसले. ताशी ५ मिलीला मात्र ८ टक्के कमी. दुसरा पंप लावला, तोही कमी. तिसराही कमी. मग कोणी म्हणते पंप जुने झाले, कोणी म्हणते व्होल्टेज नीट नाही, आणि शेवटी कोणीतरी सर्व्हिस मेनू उघडून कॅलिब्रेशनचा आकडा वाढवून टाकतो. लातूर, परभणी, बीडकडे ही तक्रार एप्रिल-मेमध्ये जोरात असते. तेच पंप ऑगस्टमध्ये त्याच टेबलावर घेतले तर बरे वागतात.

व्होल्टेजचा संशय आधीच बाजूला ठेवू. या पंपांत सहसा स्टेपर मोटर असते आणि तिची पावले आतल्या क्रिस्टलच्या घड्याळावर पडतात. वीज कमी-जास्त झाली तर पंप बॅटरीवर जाईल, अलार्म देईल किंवा बंद पडेल. मुकाट्याने ८ टक्के कमी देत राहणार नाही. आणि सगळे पंप एकाच दराला, साधारण तितकेच कमी भरत असतील, तर त्या सगळ्यांत समान असलेली गोष्ट पाहायला हवी. ती म्हणजे आपली मांडणी: काटा, बीकर, पाणी, खोलीतली हवा.

तुटीचा चेहरा पाहा, टक्का नंतर

टक्केवारी ही निकालाची भाषा आहे. दोष शोधताना ती दिशाभूल करते, कारण तिच्यात तीन वेगवेगळ्या जातींची तूट एकत्र मिसळते.

पहिली जात दर चाचणीला ठरावीक. चाचणी दहा मिनिटांची असो वा दोन तासांची, तेवढेच दशांश ग्रॅम गळतात. टोकाला लटकलेला थेंब, सुरुवातीला नळी ताणण्यात गेलेला वेळ, काट्याने सुरुवातीला गिळलेले वजन, हे सगळे या जातीतले. चाचणी लांबवली की हिचा टक्का घटतो.

दुसरी जात दर तासाला ठरावीक. पंप कितीही वेगाने चालू दे, तासाला तितकेच ग्रॅम जातात. बीकरमधून उडणारे पाणी हे तिचे मुख्य कारण, आणि उन्हाळ्यातल्या तक्रारीचेही. चाचणी लांबवून ही कमी होत नाही, हे लक्षात ठेवा. दर वाढवला तरच तिचा टक्का घटतो.

तिसरी जात टक्क्यात ठरावीक. ५ ला जेवढे टक्के कमी, १०० लाही तेवढेच. नळीचा आतला व्यास, मेनूत निवडलेला सेट, कॅलिब्रेशन, द्रवाची घनता यांची चूक अशी दिसते. पंपाचा म्हणून जो काही दोष असेल तो बहुधा इथेच सापडतो.

म्हणून एका दराच्या चाचणीवरून निदान करता येत नाही. किमान दोन दर घ्या, शक्यतो तीन, आणि प्रत्येक वेळी तूट टक्क्यांच्या आधी मिलीमध्ये लिहा.

मांडणी

काटा ०.०१ ग्रॅम दाखवणारा हवा. सराफी दुकानात असतो तसला ६०० ग्रॅम क्षमतेचा चालतो, फक्त चाचणीआधी आणि नंतर त्याच्यावर १०० ग्रॅमचे प्रमाणित वजन ठेवून वाचन लिहून ठेवा. दोन्ही वाचनांत ०.०२ ग्रॅमपेक्षा जास्त फरक पडला तर मधली चाचणी धरू नका. काट्याच्या शेवटच्या एक-दोन आकड्यांवर भरवसा नसतो, त्यामुळे ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर किमान ५ ग्रॅम तरी गोळा करावे. ताशी १ मिलीला चाचणी घ्यायची असेल तर एक तर ०.००१ ग्रॅमचा काटा आणा, नाहीतर पाच तास बसा.

बीकर २५० मिलीचा, प्लास्टिकचा, साधारण ७ सेंटिमीटर व्यासाचा. त्यात सुरुवातीलाच ३० मिली पाणी घालून ठेवा. सेटच्या टोकाला १८ गेजची बोथट सुई लावा आणि तिचे टोक त्या पाण्यात बुडलेले राहील अशी ती वेगळ्या स्टँडला पकडा. सुई किंवा नळी बीकरच्या कडेला, तळाला, काट्याच्या ताटलीला कुठेही टेकता कामा नये. नळी नुसती कडेवर टेकली तरी काटा तिचा ताण वजन म्हणून दाखवतो, आणि नळी गरम होऊन सैल पडली की तो आकडा हळूहळू सरकतो.

पाणी डिस्टिल्ड किंवा इंजेक्शनचे. वॉर्डात उरलेली सलाइन किंवा डेक्स्ट्रोजची बाटली वापरण्याची सवय सर्रास आहे, पण मग घनता वेगळी धरावी लागते. नॉर्मल सलाइन पाण्यापेक्षा सुमारे ०.७ टक्के जड असते आणि ५ टक्के डेक्स्ट्रोज दोन टक्क्यांच्या आसपास. डेक्स्ट्रोज वापरून पाण्याचे गणित केले तर पंप दोन टक्के जास्त देतो असे दिसेल, आणि उन्हाळ्यातली तूट त्याखाली झाकली जाईल. दोन चुका एकमेकींना खाऊन ‘पास’ शेरा मिळण्याचा हा हमखास मार्ग आहे.

पाणी थंड नको. फ्रिजमधले किंवा माठातले पाणी तापलेल्या खोलीत नळीतून जाताना कोमट होते, त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते आणि नळीच्या आत बारीक बुडबुडे चिकटतात. पंप ते बुडबुडेही पाणी म्हणूनच ढकलतो. बाटली रात्रभर त्याच खोलीत ठेवली की हा प्रश्न मिटतो.

सेट नवा घ्या आणि पंपाच्या मेनूत त्याच सेटचे नाव निवडले आहे ना ते बघा. बाटलीची उंची कंपनीच्या पुस्तिकेत दिली असेल तितकी ठेवा. पुष्कळ पंपांना ती पंपापासून सुमारे ५० सेंटिमीटर वर लागते. सुईचे टोक पंपाच्या मध्याच्या पातळीवर असू द्या. बीकर जमिनीवर आणि पंप स्टँडवर अशी मांडणी केली तर टोकाशी ओढ तयार होते.

आता वेळ. स्टॉपवॉच पंपाच्या स्टार्ट बटणाबरोबर सुरू करायचे नाही. ताशी ५ मिलीला स्टार्ट दाबल्यावर नळी आणि जोड ताणले जाऊन प्रवाह स्थिर व्हायला बराच वेळ लागतो. पंप त्याच दराला निदान अर्धा तास चालू द्या. इन्फ्युजन पंपांच्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे आयईसी ६०६०१-२-२४ मध्ये, सुरुवातीचे दोन तास आणि नंतरची स्थिर वेळ वेगवेगळीच पाहतात. प्रवाह बसला की चालत्या पंपावर एक वाचन घ्या, तासाभराने चालत्या पंपावरच दुसरे. मध्ये पंप थांबवायचा नाही, बीकर उचलायचा नाही. मोबाइलचे स्टॉपवॉच पुरेसे आहे. एका तासात एका सेकंदाची चूक म्हणजे ०.०३ टक्के.

गणित असे:

```
V = (W2 - W1) × Z
Q = V × 60 / t
E = (Q - Qset) / Qset × 100
```

W1 आणि W2 ही ग्रॅममधली दोन वाचने, t मिनिटांत. V हे मिलीमधले आकारमान, Q मोजलेला आणि Qset ठरवलेला ताशी दर, E टक्क्यांतली चूक. Z म्हणजे एक ग्रॅम पाण्याचे किती मिली धरायचे तो आकडा. त्यात पाण्याची घनता आणि हवेची उचल दोन्ही धरलेली असतात. पाणी २० अंशांवर असेल तर १.००२९, २५ ला १.००४०, ३० ला १.००५४ आणि ३५ ला १.००७०. तापमान बीकरमधल्या पाण्याचे घ्या, भिंतीवरच्या थर्मामीटरचे नाही. कोरड्या हवेत उघडे पाणी खोलीपेक्षा बरेच थंड राहते, आणि खोली ३७ अंशांवर असताना बीकर ३० वर असणे यात काही विचित्र नाही.

एक उदाहरण सोडवून

मे महिन्यातली दुपार, खोलीत पंखा चालू, बीकर उघडा, पाणी ३० अंशांवर. तीन दरांना प्रत्येकी एक तास, वर सांगितल्याप्रमाणे चालत्या पंपावर वाचने घेतली. आकडे असे आले असे धरू:

| ठरवलेला दर, मिली/तास | गोळा झालेले, ग्रॅम | आकारमान, मिली | तूट, मिली | चूक |
|---|---|---|---|---|
| ५ | ४.५६ | ४.५८ | ०.४२ | −८.३% |
| २५ | २४.२६ | २४.३९ | ०.६१ | −२.४% |
| १०० | ९८.११ | ९८.६४ | १.३६ | −१.४% |

नुसता शेवटचा रकाना पाहिला तर ‘कमी दराला पंप खराब’ असेच वाटते. चौथा रकाना पाहा. २५ वरून १०० वर जाताना दर ७५ ने वाढला आणि तूट ०.६१ वरून १.३६ वर गेली, म्हणजे ०.७५ ने. ७५ ला ०.७५, म्हणजे बरोबर एक टक्का. पंप आणि सेट मिळून एक टक्का कमी देतात, हा झाला टक्क्यात ठरावीक भाग. तो प्रत्येक ओळीतून वजा करा. २५ च्या ओळीत ०.६१ मधून ०.२५ गेले, उरले ०.३६. १०० च्या ओळीत १.३६ मधून १.०० गेले, उरले ०.३६. ५ च्या ओळीत ०.४२ मधून ०.०५ गेले, उरले ०.३७. तिन्ही वेळा उरलेले सारखेच. दर वीस पटींनी बदलला तरी हलत नाही, म्हणजे ते पंपाचे नाही.

पण इथे एक फट राहते. तिन्ही चाचण्या एकेका तासाच्याच होत्या, त्यामुळे ही ०.३६ दर तासाची आहे की दर चाचणीची, हे तक्त्यातून कळणार नाही. ते कळण्यासाठी दोनपैकी एक करा. ताशी ५ मिलीची चाचणी दोन तास चालवा: उरलेली तूट ०.७२ झाली तर ती तासाची, ०.३६ च राहिली तर चाचणीची. किंवा त्याहून सोपे, पंप बंद करून, त्याच बीकरमध्ये तेवढेच पाणी ठेवून, सुई बुडालेली, पंखा तसाच, तासाभराने वजन बघा. वजन ०.३६ ग्रॅमने घटले तर चोर सापडला. पाणी वाफ होऊन उडत आहे.

आता याच पंपाचे कॅलिब्रेशन ५ मिलीच्या आकड्यावर विसंबून ८ टक्क्यांनी वाढवले तर काय होते ते बघा. ताशी १०० मिलीला तो आधी खरे तर ९९ देत होता, आता सुमारे १०७ देईल. टेबलावर कमी दराला तो छान ‘पास’ होतो आणि वॉर्डात प्रत्येक दराला सात टक्के जास्त औषध जाते. पुष्कळ व्हॉल्युमेट्रिक पंपांना कंपनी ±५ टक्के अचूकता सांगते, म्हणजे चांगला पंप आपण आपल्या हाताने मर्यादेबाहेर काढला. म्हणून तुटीची जात ठरेपर्यंत सर्व्हिस मेनूला हात लावायचा नाही, हा नियम टेबलासमोर लिहून लावला तरी वावगे नाही.

उडणारे पाणी कसे थांबवायचे

उत्तम उपाय म्हणजे लिक्विड पॅराफिनचा थर. सुरुवातीच्या ३० मिली पाण्यावर १० ते १२ मिली पॅराफिन ओतले की ७ सेंटिमीटरच्या बीकरमध्ये साधारण ३ मिलिमीटरचा थर होतो. सुईचे टोक तेलाच्या खाली, पाण्यात असावे. तेल वरच तरंगते, त्याचे वजन दोन्ही वाचनांत सारखेच येते, त्यामुळे गणितात काही बदलत नाही. वरच्या उदाहरणात थर घातल्यावर ५ मिलीच्या चाचणीत ४.९२ ग्रॅम मिळायला हवेत, म्हणजे ४.९५ मिली, चूक एक टक्क्याच्या जवळ. तसे झाले तर निदान पक्के. खोबरेल किंवा गोडेतेल वापरू नका, बीकर आणि सुई चिकट होऊन पुढच्या चाचणीत त्रास होतो. तेल लागलेला बीकर आणि सुई फक्त चाचणीसाठीच राखून ठेवायची.

पॅराफिन नसेल तर शेजारी जोडीचा बीकर ठेवून त्याची घट मिळवता येते. तोच आकार, तेवढेच पाणी, तीच हवा. मात्र पंप चालू असलेल्या बीकरमधली पातळी वर चढत असते आणि पातळी कडेच्या जवळ आली की पाणी जास्त वेगाने उडते, त्यामुळे ताशी १०० च्या चाचणीला हा हिशोब थोडा चुकतो. तिथे टक्का मुळातच लहान असतो, म्हणून चालते. कमी दराला पातळी फारशी हलत नाही आणि तिथे हा उपाय बऱ्यापैकी खरा उतरतो.

पंखा बंद करायचाच. त्याने दोन गोष्टी बिघडतात: पाणी जास्त उडते आणि हवेच्या झोताने ताटली दाबली जाऊन आकडा नाचतो. उन्हाळ्यात पंखा बंद करून तासभर बसायला कोणी तयार होत नाही, तेव्हा काट्यावर पुठ्ठ्याचे खोके उपडे घाला आणि सुईची नळी जाईल एवढेच भोक ठेवा. खोके काट्याच्या ताटलीला किंवा नळीला टेकू देऊ नका. डेझर्ट कूलर हे वेगळे प्रकरण आहे. तो हवा दमट करतो म्हणून बाष्पीभवन कमी व्हावे असे वाटते, पण त्याचा झोत टेबलावर येत असेल तर फायदा उलटतो. शिवाय कूलर मध्येच चालू किंवा बंद झाला की तासाच्या दोन भागांत घट वेगळी पडते आणि जोडीच्या बीकरशिवाय ती दुरुस्त करता येत नाही.

दर चाचणीला ठरावीक तूट

इथे सगळ्यात फसवा गुन्हेगार काटाच असतो. पुष्कळ इलेक्ट्रॉनिक काट्यांत शून्य आपोआप धरून ठेवण्याची सोय असते. आकडा शून्याच्या आसपास हळूहळू सरकत असेल तर काटा त्याला धूळ किंवा तापमानाचा परिणाम समजून परत शून्यावर आणतो. ताशी ५ मिली म्हणजे सेकंदाला सुमारे ०.००१४ ग्रॅम. ०.०१ ग्रॅमच्या काट्याला हे इतके हळू वाटते की बीकर ठेवून टेअर केला तर तो कित्येक मिनिटे ०.०० च दाखवत बसू शकतो आणि तेवढे पाणी कायमचे हिशोबातून जाते. लक्षण सोपे आहे: पंप चालू, सुईतून पाणी येताना दिसते, आकडा हलत नाही, मग अचानक वाढू लागतो. उपायही सोपा आहे: टेअर करायचे नाही. बीकर आणि पाणी मिळून जे वजन येईल ते सुरुवातीचे वाचन म्हणून लिहायचे. काट्याच्या मेनूत ही सोय बंद करता येत असेल तर बंदच करा, आणि त्याच वेळी तो काही मिनिटांनी आपोआप बंद पडत नाही ना हेही बघून घ्या.

दुसरे कारण थेंब. सुई पाण्याच्या वर ठेवून थेंब पडू दिले तर टोकावर अर्धवट लटकलेला थेंब कधी धरला जातो, कधी नाही. २० थेंबांना एक मिलीच्या हिशोबाने थेंब ०.०५ मिलीचा. ताशी ५ मिलीला पंधरा मिनिटांत फक्त सव्वा मिली जमते, त्यात एका थेंबाचा फरक म्हणजे ४ टक्के. कधी अधिक, कधी उणे, असा निकाल येत असेल तर आधी थेंब पाहा. टोक बुडवले की हे संपते.

टक्क्यात ठरावीक चूक: इथे मात्र पंपाकडे वळायचे

प्रवाह नळीच्या आतल्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. ३.० मिलिमीटरची नळी ३.१ झाली तर पंप प्रत्येक फेरीत जवळजवळ ७ टक्के जास्त ढकलतो. पुरवठ्यात सेटचा ब्रँड बदलला, मेनूत मात्र जुनेच नाव राहिले, की सगळ्या दरांना सारखाच टक्का पुढे-मागे दिसतो. एका सेटवरून ठरवू नका. त्याच खोक्यातले तीन नवे सेट लावून बघा. तिघेही सारखेच सरकले तर सेटची निवड किंवा कॅलिब्रेशन चुकले आहे. तिघांत तीन उत्तरे आली तर सेटच एकसारखे नाहीत आणि कॅलिब्रेशन कितीही बदलले तरी उपयोग नाही, तो सेट त्या पंपावर वापरू नये एवढेच सांगता येते. वापरून चपटी झालेली नळी प्रत्येक फेरीत पुन्हा पूर्ण फुगत नाही, त्यामुळे वॉर्डातून काढलेला सेट तसाच टेबलावर लावला तर उणे उत्तर येणारच. पाहिजे तर पंपाखालचा भाग १०-१५ सेंटिमीटर सरकवून पुन्हा मोजा. फरक पडला तर दोष नळीचा होता.

एक चूक मात्र पंपाच्या दोषासारखीच दिसते आणि असते मांडणीची. सुई न लावता सेटचे जाड टोकच पाण्यात बुडवले तर पातळी चढते तसतसे ते अधिक बुडत जाते आणि पाण्याने त्याला दिलेली उचल काटा वजन म्हणून दाखवतो. ६ मिलिमीटर जाडीचे टोक आणि ७ सेंटिमीटरचा बीकर असेल तर जवळजवळ ०.७ टक्के जास्त. बीकरऐवजी साडेतीन सेंटिमीटर व्यासाचा मोजपात्राचा नळा घेतला तर तीच चूक ३ टक्क्यांच्या जवळ जाते. सर्व दरांना सारखाच टक्का जास्त आला म्हणून कॅलिब्रेशन खाली आणायच्या आधी टोक काय होते ते आठवा. १८ गेजच्या सुईला ही चूक नगण्य असते.

तूट वेळेबरोबर वाढत जात असेल तर

कधी पहिल्या अर्ध्या तासात पंप बरोबर असतो आणि नंतर दर पंधरा मिनिटांना थोडा थोडा मागे पडतो. तिथे बाटली पाहा. आपल्याकडे सलाइनच्या प्लास्टिक बाटल्या बऱ्याचदा कडक असतात, पाणी गेले तरी पिचत नाहीत. हवा आत जायला वाट नसेल तर आत निर्वात वाढत जातो आणि पंपाला प्रत्येक फेरीत कमी पाणी मिळते. सेटला हवेची खिडकी आहे का, ती उघडी आहे का, तिच्यातला फिल्टर ओला होऊन बंद तर पडला नाही ना, हे बघा. ड्रिप चेंबर आत ओढला गेलेला दिसला तर शंका घेण्याचे कारणच नाही. हवेला वाट करून दिल्याबरोबर चेंबर पुन्हा फुगतो आणि पुढची पंधरा मिनिटे सुधारलेली दिसतात.

हे पकडण्यासाठी दोनच वाचनांवर थांबू नका, दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहा. ताशी २५ मिलीला प्रत्येक पंधरा मिनिटांत सुमारे ६.२ ग्रॅम यायला हवेत. चार आकडे सारखे असतील तर प्रवाह स्थिर आहे. उतरत गेले तर बाटली किंवा नळी. एकच आकडा वेगळा आणि बाकी तीन सारखे असतील तर कोणीतरी टेबलाला धक्का दिला किंवा नळीतून बुडबुडा गेला.

तासाच्या सरासरीत जे दिसत नाही तेही समजून घ्या. कमी दराला पंपाची बोटे नळी दाबत पुढे सरकतात तेव्हा प्रवाह सलग नसतो: थोडे येते, थांबते, पुन्हा येते. तासाला ५ मिली अचूक देणारा पंप काही मिनिटांपुरता बराच कमी-जास्त असू शकतो. अतिदक्षता विभागात कमी दराने चालणाऱ्या औषधांसाठी तेच महत्त्वाचे असते. त्यासाठी मानकात दर अर्ध्या मिनिटाला वजन नोंदवून २, ५, ११, १९, ३१ मिनिटांच्या खिडक्यांत जास्तीत जास्त आणि कमीत कमी चूक काढतात. ते काम संगणकाला जोडलेल्या काट्याचे आहे. हाताने वाचून ते नीट होत नाही, आणि हातच्या चाचणीवरून तसा दावाही अहवालात करू नये.

अहवालात निकालाच्या टक्क्याशेजारी पाण्याचे तापमान, वापरलेला Z, सेटचा ब्रँड आणि लॉट, मेनूत निवडलेले नाव, पॅराफिन होते की नाही, आणि बंद पंपावर तासाभरात किती वजन घटले हे लिहा. शेवटचा आकडा बहुतेक अहवालांत नसतो. तो असला तर मे महिन्यातली आणि ऑगस्टमधली चाचणी शेजारी ठेवून खरी तुलना करता येते.